सहा स्थानके आणि एक आयगेन सदिश : घातपद्धती व तिच्या अभिसरणाचा वेग

१. प्रश्न

एखाद्या चौरस आव्यूहाने, म्हणजे मॅट्रिक्सने, सदिशाला गुणले की सामान्यतः त्या सदिशाची लांबीही बदलते आणि दिशाही. काही मोजक्या सदिशांची दिशा मात्र तशीच राहते आणि ते केवळ काही पटींनी लांब किंवा आखूड होतात. अशा सदिशाला त्या आव्यूहाचा आयगेन सदिश म्हणतात आणि त्या पटीला आयगेन मूल्य. सूत्ररूपाने Av = λv. चिन्ह बाजूला ठेवल्यास ज्या मूल्याचा आकार सर्वांत मोठा असतो ते प्रधान आयगेन मूल्य. पुष्कळ व्यावहारिक प्रश्नांत तेवढे एक मूल्य आणि त्याचा सदिश मिळाला की काम भागते.

पाठ्यपुस्तकात आयगेन मूल्ये काढण्यासाठी निश्चयकापासून बहुपदी मांडून तिची मुळे शोधतात. दोन किंवा तीन ओळींच्या आव्यूहापर्यंत हे ठीक चालते. पाच किंवा त्याहून अधिक घाताच्या बहुपदीची मुळे देणारे सर्वसाधारण बीजगणिती सूत्र नाही, आणि मोठ्या आव्यूहात बहुपदीच्या सहगुणकांतील क्षुल्लक चूकही मुळांना दूरवर हलवू शकते. घातपद्धती ही वाट टाळते. कोणताही एक सदिश घ्यायचा, त्याला आव्यूहाने गुणायचे, आलेल्या उत्तराला पुन्हा गुणायचे आणि हे चालू ठेवायचे. रिखार्ड फॉन मिझेस आणि हिल्डा पोलाचेक-गायरिंगर यांनी १९२९ मध्ये समीकरणे सोडवण्याच्या व्यावहारिक पद्धतींवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातून ही पद्धत रूढ झाली.

पद्धत सोपी आहे. उत्तर खरोखर स्थिरावले आहे का, किती वेगाने स्थिरावते आहे आणि कुठे थांबायचे, हे ठरवण्यात मात्र खरी परीक्षा असते. एका लहान, पण खऱ्या जाळ्यावर ते सारे तपासता येते.

२. मुदखेडपासून किनवटपर्यंत

दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात मुदखेड हे जंक्शन आहे. तिथून एक मार्ग नांदेडकडे जातो, दुसरा धर्माबादवरून निजामाबादकडे आणि तिसरा भोकर, हिमायतनगर, किनवट असा आदिलाबादकडे. मधली लहान स्थानके वगळून येथे सहाच ठिकाणे घेतली आहेत : नांदेड, धर्माबाद, मुदखेड, भोकर, हिमायतनगर आणि किनवट. त्यांना जोडणारे दुवे पाच होतात. नांदेड–मुदखेड, धर्माबाद–मुदखेड, मुदखेड–भोकर, भोकर–हिमायतनगर आणि हिमायतनगर–किनवट.

या जाळ्याचा आव्यूह A सहा ओळी आणि सहा स्तंभांचा आहे. दोन ठिकाणांत थेट दुवा असेल तिथे १ आणि नसेल तिथे ० लिहायचा. हिमायतनगरच्या ओळीत भोकर आणि किनवट यांच्यापुढे १ येतो, बाकी सर्वत्र शून्य. एखाद्या सदिशाला A ने गुणणे म्हणजे प्रत्येक ठिकाणी शेजाऱ्यांच्या आकड्यांची बेरीज लिहिणे. त्यामुळे हे गणित वहीवरही करता येते.

अशा जाळ्याच्या प्रधान आयगेन सदिशाला भूगोलात अर्थ आहे. पीटर गूल्ड यांनी १९६७ मध्ये आयगेन मूल्यांच्या भौगोलिक अर्थावर निबंध लिहिला आणि वाहतुकीच्या जाळ्यात एखादे ठिकाण किती मध्यवर्ती आहे हे मोजण्यासाठी हा सदिश वापरण्याचा मार्ग दाखवला. नुसते शेजारी मोजले तर भोकर आणि हिमायतनगर दोघांना दोन-दोनच दुवे आहेत, म्हणून ती समान ठरतात. पण भोकरचा एक शेजारी जंक्शन आहे आणि हिमायतनगरचा एक शेजारी या निवडीतले टोकाचे स्थानक. शेजारी किती मध्यवर्ती आहेत हेही हिशेबात धरले की हा फरक दिसतो, आणि आयगेन सदिश नेमके तेच करतो.

३. पहिला प्रयत्न आणि त्याचे अपयश

सुरुवातीला सर्व सहा ठिकाणी १ लिहून A ने वारंवार गुणत गेल्यास पुढील आकडे येतात. धर्माबादचा आकडा प्रत्येक वेळी नांदेडइतकाच असतो, कारण दोघांचाही या निवडीत एकच शेजारी आहे, मुदखेड. बेरजेत मात्र दोन्ही धरले आहेत.

| पायरी | नांदेड | मुदखेड | भोकर | हिमायतनगर | किनवट | बेरीज |
|---|---|---|---|---|---|---|
| ० | १ | १ | १ | १ | १ | ६ |
| १ | १ | ३ | २ | २ | १ | १० |
| २ | ३ | ४ | ५ | ३ | २ | २० |
| ३ | ४ | ११ | ७ | ७ | ३ | ३६ |
| ४ | ११ | १५ | १८ | १० | ७ | ७२ |
| ५ | १५ | ४० | २५ | २५ | १० | १३० |
| ६ | ४० | ५५ | ६५ | ३५ | २५ | २६० |
| ७ | ५५ | १४५ | ९० | ९० | ३५ | ४७० |

या आकड्यांना स्वतःचा अर्थ आहे. तिसऱ्या पायरीवर हिमायतनगरपुढे ७ आहे, म्हणजे हिमायतनगरहून निघून तीन दुवे ओलांडण्याचे, मागे फिरण्याची मुभा धरून, सात मार्ग आहेत.

पद्धत यशस्वी होत असती तर लागोपाठच्या बेरजांचे गुणोत्तर एका संख्येकडे सरकले असते. पहिल्या पायरीपासून ते असे येते : २, १.८, २, १.८०६, २, १.८०८. एक आड एक आकडे आपापल्या जागी स्थिर होत आहेत, पण ते एकमेकांजवळ येत नाहीत. एकट्या हिमायतनगरचा आकडा पाहिला तर झोका आणखी मोठा दिसतो. पाचवीकडून सहावीकडे जाताना तो १.४ पट होतो आणि सहावीकडून सातवीकडे जाताना २.५७ पट. मुदखेडचा एकूण बेरजेतला वाटा पाचव्या पायरीला ३०.८ टक्के आहे, सहाव्या पायरीला २१.२ आणि सातव्या पायरीला पुन्हा ३०.९. असे कितीही वेळा गुणले तरी हा वाटा दोन आकड्यांमध्ये हेलकावतच राहील.

याचे कारण जाळ्याच्या रचनेत आहे. सहा ठिकाणांचे दोन गट पडतात. एका गटात मुदखेड आणि हिमायतनगर, दुसऱ्यात नांदेड, धर्माबाद, भोकर आणि किनवट. प्रत्येक दुवा एका गटातून दुसऱ्या गटात नेतो आणि कोणताही दुवा गटाच्या आत राहत नाही. त्यामुळे λ या मूल्याच्या आयगेन सदिशात एका गटाची चिन्हे उलटवली की −λ या मूल्याचा आयगेन सदिश तयार होतो. ज्या जाळ्यात फिरून मूळ जागी येणारे वेटोळे नाही, अशा प्रत्येक जाळ्यात हे घडते, आणि फाटे फुटणाऱ्या साध्या रेल्वेमार्गाचे जाळे बहुधा तसेच असते.

हे लक्षात आले की घातपद्धतीचा गाभाही उलगडतो. A सममित आहे, म्हणून आरंभीचा सदिश त्याच्या आयगेन सदिशांच्या तुकड्यांत विभागता येतो. प्रत्येक गुणाकारात प्रत्येक तुकडा आपापल्या आयगेन मूल्याने वाढतो :

xₖ = c₁λ₁ᵏv₁ + c₂λ₂ᵏv₂ + … + cₙλₙᵏvₙ

λ₁ चा आकार इतर सर्वांपेक्षा मोठा असेल, तर k वाढत जाताना पहिला तुकडा बाकीच्यांना मागे टाकतो आणि xₖ ची दिशा v₁ च्या दिशेकडे सरकते. इथे मात्र λ₁ आणि −λ₁ यांचा आकार सारखाच आहे. दोन्ही तुकडे बरोबरीने वाढतात, आणि दुसऱ्याचे चिन्ह प्रत्येक पायरीला उलटत असल्याने बेरीज झुलत राहते. आकडे एक आड एक स्थिर होत असतील आणि लागोपाठच्या दोन गुणोत्तरांचा गुणाकार एका संख्येकडे जात असेल, तर विरुद्ध चिन्हाचे जोडमूल्य आहे असे ओळखावे. येथे हा गुणाकार ४७० ÷ १३० = ३.६१५ आहे आणि त्याचे वर्गमूळ १.९०१४.

४. एकक आव्यूहाची भर

या अडचणीवर उपाय सोपा आहे. A ऐवजी B = A + I घ्यायचा, म्हणजे प्रत्येक पायरीला शेजाऱ्यांच्या बेरजेत ठिकाणाने स्वतःचा आकडाही मिळवायचा. आयगेन सदिश तेच राहतात आणि प्रत्येक आयगेन मूल्य एकाने वाढते. λ चे λ + १ होते आणि −λ चे १ − λ, त्यामुळे दोघांची बरोबरी संपते. शेवटी उत्तरातून एक वजा केला की A चे मूल्य परत मिळते.

पुन्हा सर्व ठिकाणी १ घेऊन सुरुवात केली की बेरजा अशा येतात : ६, १६, ४६, १३२, ३८२, ११०६, ३२०६, ९२९६, २६९६२, ७८२१२, २२६९०६. तिसऱ्या पायरीपासूनची गुणोत्तरे २.८७०, २.८९४, २.८९५, २.८९९, २.९००, २.९००, २.९०१, २.९०१ अशी येतात. आता ती एकाच दिशेने सरकत आहेत.

प्रत्यक्ष गणन करताना दर पायरीला सदिशाला त्याच्या बेरजेने भागतात, म्हणजे आकडे थेट वाटे होतात. असे न केल्यास येथील आकडे दर पायरीला जवळजवळ २.९ पट वाढत जातात आणि साडेसहाशेच्या सुमारास संगणकातील नेहमीच्या दशांश संख्येची कमाल मर्यादा ओलांडतात. भागाकाराने दिशा बदलत नाही, म्हणून उत्तरावर त्याचा परिणाम होत नाही.

५. वेग कशावर ठरतो

चूक किती वेगाने ओसरते हे दुसऱ्या क्रमांकाच्या आयगेन मूल्यावर ठरते. तुकड्यांच्या सूत्राला λ₁ᵏ ने भागले की पहिल्या तुकड्याशेजारी (λ₂/λ₁)ᵏ, (λ₃/λ₁)ᵏ असे घटक उरतात. त्यांतला सर्वांत मंद ओसरणारा घटक सबंध पद्धतीचा वेग ठरवतो. r = |λ₂/λ₁| असेल, तर काही पायऱ्यांनंतर सदिशातली चूक प्रत्येक पायरीला जवळपास r पट होते.

आपल्या सहा ठिकाणांच्या जाळ्याची आयगेन मूल्ये नेमकी काढता येतात, म्हणून पद्धत पारखायला ते सोयीचे आहे. ती ±२cos १८° आणि ±२cos ५४° ही चार, म्हणजे ±१.९०२१ आणि ±१.१७५६, व त्यांखेरीज दोन शून्ये अशी आहेत. B साठी प्रधान मूल्य २.९०२१ आणि दुसरे २.१७५६, म्हणून r = ०.७५. प्रत्येक पायरीला चुकीचा एक चतुर्थांश भाग जातो. चूक हजाराव्या भागावर आणायला २४ पायऱ्या लागतात.

हा आकडा जाळ्याच्या आकारावर थेट अवलंबून नसतो. प्रधान मूल्य आणि दुसरे मूल्य यांच्यात किती अंतर आहे, यावर तो ठरतो. मार्गाच्या टोकाला आदिलाबाद हे एकच ठिकाण जोडले की A ची पहिली दोन मूल्ये १.९३१९ आणि १.४१४२ होतात, B साठी r ०.८२३ होतो आणि हजाराव्या भागाकरिता ३६ पायऱ्या लागतात. लांबट, एकेरी जाळ्यात मूल्ये एकमेकांना खेटून असतात आणि अभिसरण मंदावते. याच्या उलट उदाहरण मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख राहिलेले गणिती शरच्चंद्र श्रीखंडे (१९१७–२०२०) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आलेखाचे. त्याचे बिंदू सोळा आहेत आणि प्रत्येकाला सहा शेजारी, तरी त्याची वेगवेगळी आयगेन मूल्ये फक्त ६, २ आणि −२ अशी तीन आहेत. तिथे कोणतीही भर न घालता r = १/३ मिळतो आणि एका बिंदूपासून सुरुवात केली तरी सात पायऱ्यांत चूक हजाराव्या भागाखाली जाते. दुसऱ्या क्रमांकावर २ आणि −२ यांची बरोबरी आहे, पण तिच्याने काही अडत नाही. घातक असते ती पहिल्या क्रमांकावरची बरोबरी.

भर एकाचीच घालावी असेही नाही. c एवढी भर घातली तर दुसऱ्या मूल्याचा हिस्सा १.१७५६ + c आणि सर्वांत ऋण मूल्याचा हिस्सा १.९०२१ − c होतो. c वाढवली तर पहिला वाढतो, कमी केली तर दुसरा वाढतो. दोन्ही समान होतात ते c = ०.३६३ ला. तेव्हा r ०.६८ वर येतो आणि २४ ऐवजी १८ पायऱ्या पुरतात. पण ही नेमकी भर ठरवायला आयगेन मूल्यांची आधीच कल्पना असावी लागते. ती नसताना १ ही सुरक्षित निवड आहे, कारण शून्य-एकच्या अशा कोणत्याही जाळ्यात ती बरोबरी नक्की मोडते.

६. खरे उत्तर माहीत नसताना

व्यवहारात λ₂ माहीत नसते, मग r कुठून आणायचा? तो पद्धतीच्या आकड्यांतूनच वाचता येतो. B घेतल्यावर किनवटचा वाटा सहाव्या पायरीपासून टक्क्यांत असा येतो : ८.९५२, ८.८२१, ८.७२७, ८.६५७, ८.६०५. लागोपाठचे फरक ०.१३१, ०.०९४, ०.०७० आणि ०.०५२. या फरकांची गुणोत्तरे ०.७२, ०.७४ आणि ०.७४. म्हणजे r सुमारे ०.७५ आहे हे दुसऱ्या आयगेन मूल्याला हात न लावता कळले. पहिल्या पाच-सहा पायऱ्यांत ही गुणोत्तरे खालीवर होतात, कारण तेव्हा लहान मूल्यांचे तुकडे अजून पुरते ओसरलेले नसतात. ती तीन-चार वेळा एकसारखी आल्यावरच त्यांच्यावर भरवसा ठेवावा.

इथेच थांबण्याची सर्वांत नेहमीची चूक होते. दहाव्या पायरीला वाटा फक्त ०.०५२ ने बदलला, म्हणून उत्तर ०.०५२ इतके अचूक आहे असे मानले जाते. पण पुढचे फरक आणखी येत राहणार आहेत, प्रत्येक आधीच्याच्या तीन चतुर्थांश. त्या सर्वांची भूमितीय बेरीज शेवटच्या फरकाच्या r/(१ − r) पट, म्हणजे येथे तिप्पट भरते. उरलेली चूक सुमारे ०.१५६ असावी, असे यावरून निघते. किनवटचा खरा वाटा ८.४५० टक्के आहे, म्हणजे प्रत्यक्ष चूक ०.१५५. अंदाज जवळपास तंतोतंत बसला. r ०.९९ असता तर उरलेली चूक शेवटच्या फरकाच्या ९९ पट असती. म्हणून आकडे हलेनासे झाले एवढ्यावरून उत्तर मिळाले असे धरता येत नाही. आधी r काढावा आणि फरकाला योग्य पटीने गुणून मगच निर्णय घ्यावा.

प्रधान आयगेन मूल्यासाठी याहून पक्की कसोटी उपलब्ध आहे. आव्यूहातले सर्व आकडे शून्य किंवा धन असतील आणि चालू सदिशाचा प्रत्येक आकडा धन असेल, तर प्रत्येक ठिकाणचा नवा आकडा जुन्या आकड्याने भागावा. आलेल्या गुणोत्तरांतील सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे यांच्या दरम्यान प्रधान मूल्य असतेच. लोथार कोलाट्झ आणि हेल्मुट वीलांट यांच्या नावाने ही कसोटी ओळखली जाते. पाचव्या पायरीचे आकडे नांदेडपासून क्रमाने १४६, १४६, २८१, २४६, १८६, १०१ आणि सहाव्याचे ४२७, ४२७, ८१९, ७१३, ५३३, २८७ आहेत. सर्वांत मोठे गुणोत्तर नांदेडचे, २.९२५, आणि सर्वांत लहान किनवटचे, २.८४२. दहाव्या पायरीला ही मर्यादा २.८८४ ते २.९०९ इतकी अरुंद होते. हा नुसता अंदाज नसून सिद्ध झालेली सीमा आहे, आणि तिची रुंदीही दर पायरीला साधारण तीन चतुर्थांश होत जाते.

७. रॅले भागफल

सममित आव्यूहाच्या बाबतीत मूल्याचा वेग फुकटात दुप्पट करता येतो. बेरजांचे गुणोत्तर घेण्याऐवजी सदिशाचा त्याच्या नव्या रूपाशी गुणाकार करून सदिशाच्या वर्गाने भागायचे : xᵀBx ÷ xᵀx. याला रॅले भागफल म्हणतात. त्यातली चूक सदिशातील चुकीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ती दर पायरीला r² पट, येथे ०.५६ पट होते.

या उदाहरणात त्याचे कारण उघड दिसते. तिसऱ्या पायरीचा सदिश १७, १७, ३३, २९, २३, १३ असा आहे. त्याच्या वर्गांची बेरीज ३२०६ येते, आणि ३२०६ हीच सहाव्या पायरीची साधी बेरीज होती. त्याचप्रमाणे xᵀBx ९२९६ येते, ती सातव्या पायरीची बेरीज. आरंभीचा सदिश सर्व एकांचा आणि आव्यूह सममित असल्यामुळे तिसऱ्या पायरीचे रॅले भागफल म्हणजे नेमके सातव्या आणि सहाव्या बेरजेचे गुणोत्तर. तीन गुणाकार केल्यावर सहा गुणाकारांनंतरची माहिती हाती येते. पाचव्या पायरीचे भागफल २.९०१४ आहे आणि खरे मूल्य २.९०२१. त्याच पायरीवरचे साधे गुणोत्तर, सहाव्या आणि पाचव्या बेरजेचे, २.८९८७ होते.

हा लाभ फक्त मूल्यापुरता आहे. सदिश त्याच्या मूळ r या वेगानेच सरकतो. आयगेन मूल्य पाच दशांशांपर्यंत स्थिर दिसत असताना सदिशाचे वाटे तिसऱ्या दशांशातच हलत असू शकतात. ज्याला हिमायतनगरचा वाटा हवा आहे, त्याने मूल्याकडे पाहून थांबू नये.

A चे झोके घेणारे आकडेही वाया जात नाहीत. λxₖ + xₖ₊₁ अशी बेरीज केली की −λ चा तुकडा नाहीसा होतो. पहिल्या तक्त्यातल्या सहाव्या आणि सातव्या ओळी १.९०१४ धरून अशा मिळवल्या तर किनवटचा वाटा ८.५६ टक्के येतो. B ने दहा गुणाकारांनंतर दिलेल्या ८.६१ पेक्षा तो खऱ्या उत्तराला जवळचा आहे, कारण A मध्ये दुसऱ्या मूल्याचे पहिल्याशी गुणोत्तर १.१७५६ ÷ १.९०२१ = ०.६१८ एवढेच आहे.

८. फसवे स्थिरावणे

एक धोका मात्र असा आहे की त्यात सर्व कसोट्या उत्तम दिसतात आणि उत्तर चुकीचे असते. आरंभी नांदेडला १, धर्माबादला −१ आणि बाकी सर्वत्र ० घ्यावे. मुदखेडला दोन्ही शेजाऱ्यांची बेरीज शून्य मिळते. B ने गुणल्यावर सदिश जसाच्या तसा परत येतो, पहिल्या पायरीपासून कायमचा. फरक शून्य, अवशेष Bx − x हाही शून्य. मूल्य मिळाले १. हे B चे खरे आयगेन मूल्य आहे, पण प्रधान नाही. आरंभीच्या सदिशात v₁ चा तुकडाच नव्हता, म्हणजे c₁ शून्य होता, म्हणून तो वाढण्याचा प्रश्नच आला नाही. अवशेष लहान आहे याचा अर्थ एवढाच की जवळपास कोणते तरी आयगेन मूल्य आहे. ते सर्वांत मोठे आहे की नाही, हे अवशेष सांगत नाही.

ऋण आकडे नसलेल्या जाळ्यात यावर नेमकी खूण आहे. ओस्कार पेरॉन (१९०७) आणि गेओर्ग फ्रोबेनियस (१९१२) यांच्या सिद्धांतानुसार, सर्व ठिकाणे एकमेकांशी जोडलेली असतील तर प्रधान मूल्याच्या आयगेन सदिशाचे सर्व आकडे धन घेता येतात, आणि असा सर्व-धन आयगेन सदिश दुसऱ्या कोणत्याही मूल्याला नसतो. म्हणून सर्व आकडे धन असलेल्या सदिशापासून सुरुवात करावी आणि शेवटी सर्व आकडे धन आहेत का ते पाहावे. वरच्या फसव्या उत्तरात −१ आणि शून्ये होती, तेवढ्यावरून ते पकडले गेले असते.

हे सारे गणन पुढील ओळींत मावते. थांबण्याची अट म्हणून कोलाट्झ–वीलांट सीमा घेतली आहे.

```python
import numpy as np
A = np.array([[0,0,1,0,0,0],
              [0,0,1,0,0,0],
              [1,1,0,1,0,0],
              [0,0,1,0,1,0],
              [0,0,0,1,0,1],
              [0,0,0,0,1,0]], float)
B = A + np.eye(6)
x = np.ones(6) / 6
for k in range(200):
    y = B @ x
    lo, hi = (y / x).min(), (y / x).max()
    x = y / y.sum()
    if hi - lo < 1e-6:
        break
print(k + 1, lo - 1, hi - 1, x)
```

ओळींचा क्रम नांदेड, धर्माबाद, मुदखेड, भोकर, हिमायतनगर, किनवट असा आहे. सीमेची रुंदी दहालाखाव्या भागाखाली यायला सुमारे ४५ फेऱ्या लागतात, आणि r = ०.७५ धरून आधीच केलेला हिशेबही तेवढेच सांगतो. फेऱ्या याहून फार जास्त लागल्या, तर आव्यूह लिहिताना चूक झाली असण्याची शक्यता तपासावी.

९. उत्तर आणि त्याची मर्यादा

A चे प्रधान आयगेन मूल्य १.९०२१. सदिशाचे वाटे असे : मुदखेड २६.०१ टक्के, भोकर २२.१२, हिमायतनगर १६.०७, नांदेड आणि धर्माबाद प्रत्येकी १३.६७, किनवट ८.४५. शेजाऱ्यांची संख्या समान असूनही भोकर हिमायतनगरच्या पुढे आहे, आणि जंक्शनला लागून असल्याने एकच दुवा असलेले नांदेड किनवटच्या बरेच पुढे आहे.

या आकड्यांत गाड्यांची संख्या, प्रवासी किंवा मालवाहतूक नाही. केवळ जोडण्यांचा आकार आहे, आणि तोही निवडलेल्या नकाशापुरता. नांदेडहून पुढे पूर्णेकडे मार्ग जातो, धर्माबादहून निजामाबादकडे, किनवटहून आदिलाबादकडे. ते येथे कापले आहेत, त्यामुळे कडेच्या तिन्ही ठिकाणांचे वाटे प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतात. आदिलाबाद जोडून गणित पुन्हा केले की किनवटचा वाटा ८.४५ वरून ११.६३ टक्क्यांवर जातो आणि नांदेडच्या नेमका बरोबरीला येतो, तर आतल्या बाजूला असलेल्या हिमायतनगरचा वाटा १६.०७ वरून १६.४५ इतकाच सरकतो. नकाशा एका स्थानकाने बदलल्यावर किनवटच्या वाट्यात तीन टक्क्यांहून अधिक फरक पडतो. दहा गुणाकारांनंतर पद्धतीची उरलेली चूक ०.१५५ टक्के होती. म्हणून येथे आणखी दशांश मिळवण्यासाठी फेऱ्या वाढवण्याआधी नकाशाची कड कुठे धरायची हे ठरवणे आवश्यक आहे.